गणवेश ९.९, पैठणी ०.९: जीएमआरओआयचा आकडा वाचायचा कसा?

प्रश्न: आमचं तालुक्याच्या गावी कापडाचं दुकान आहे. साड्या, पैठणी, रेडिमेड आणि शाळेचे गणवेश. नवीन सॉफ्टवेअरने वर्षाचा जीएमआरओआय काढून दिला. गणवेश: विक्री १८ लाख, मार्जिन २२ टक्के, जीएमआरओआय ९.९. पैठणी: विक्री १४ लाख, मार्जिन ३४ टक्के, जीएमआरओआय ०.९. सॉफ्टवेअरवाले म्हणतात की १ च्या खाली म्हणजे तोटा. पैठणी बंद करून तो पैसा गणवेशात टाकावा का? वडिलांचा ठाम विरोध आहे, पण आकडे तर हे सांगतात.

उत्तर:

कपड्यांच्या दुकानांसाठी खरेदीचं नियोजन करणं हेच माझं काम असल्यामुळे हा रिपोर्ट माझ्यासमोर नेहमी येतो. तुमच्या दोन आकड्यांत जो अकरापट फरक दिसतो आहे, त्यातला बहुतेक धंद्यात नाही, हिशेबाच्या पद्धतीत आहे. पैठणी ठेवायची की नाही हे नंतर बघू. आधी हे आकडे कुठून आले ते उघडून पाहू.

सूत्र साधं आहे:

जीएमआरओआय = वर्षाचा ढोबळ नफा ÷ सरासरी साठा (खरेदी किमतीने)

म्हणजे मालात गुंतलेल्या प्रत्येक रुपयामागे वर्षभरात किती ढोबळ नफा निघाला. आता उलटा हिशेब करा. गणवेशाचा ढोबळ नफा १८ लाखांच्या २२ टक्के, म्हणजे ३ लाख ९६ हजार. त्याला ९.९ ने भागलं की सॉफ्टवेअरने धरलेला सरासरी साठा मिळतो: ४० हजार. सरासरी ४० हजारांचा माल ठेवून १८ लाखांचे गणवेश विकले जात असतील, तर तुमच्या मे महिन्यातल्या गोदामाचा फोटो मला बघायचा आहे. असं होऊच शकत नाही. पैठणीचंही तसंच करा: नफा ४ लाख ७६ हजार, भागिले ०.९, म्हणजे साठा जवळपास ५ लाख ३० हजार.

सॉफ्टवेअरने बहुधा १ एप्रिलचा आरंभीचा साठा आणि ३१ मार्चचा अखेरचा साठा घेऊन दोनाने भागलं आहे. ताळेबंदासाठी हे दोन आकडे तयारच असतात, म्हणून अनेक रिपोर्ट तेच वापरतात. पण ३१ मार्चला तुमच्या दुकानात काय स्थिती असते? गणवेशाचा जुना हंगाम संपलेला असतो आणि नवा माल अजून आलेला नसतो. रॅक वर्षातले सगळ्यात रिकामे असतात. पैठणीचं नेमकं उलट. एप्रिल-मेच्या लग्नसराईसाठी माल भरून ठेवलेला असतो, त्यामुळे साठा वर्षातला सगळ्यात जास्त. एकाच तारखेने एका विभागाला सगळ्यात हलकं आणि दुसऱ्याला सगळ्यात जड पकडलं. मग अकरापट फरक दिसेल नाही तर काय.

यावर उपाय म्हणजे तेरा नोंदी: आधीच्या ३१ मार्चपासून या ३१ मार्चपर्यंत प्रत्येक महिनाअखेरचा साठा, आणि त्यांची सरासरी. तुमचे महिन्याचे आकडे माझ्यापुढे नाहीत, म्हणून अशा दुकानांत गणवेशाचा साठा साधारण जसा चढतो-उतरतो तसा धरतो. मार्चअखेर ४० हजार, एप्रिलअखेर ३ लाख, मेअखेर ११ लाख, जूनअखेर साडेपाच लाख, जुलैअखेर २ लाख ४० हजार. पुढे दर महिन्याला उतरत उतरत परत मार्चला ४० हजार. तेरा नोंदींची बेरीज साधारण ३० लाख ४० हजार आणि सरासरी २ लाख ३४ हजार. आता भागा: ३.९६ ÷ २.३४ म्हणजे १.७. नफा तोच, विक्री तीच, पण ९.९ चा आकडा १.७ वर आला.

पैठणीत आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात तसा साठा खाली येतो. दिवाळीआधी थोडा वाढतो, तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात तसा पुन्हा चढतो. तिथली तेरा नोंदींची सरासरी ५ लाख ३० हजार नसून ४ लाख ३० हजारांच्या आसपास निघेल असं धरू. म्हणजे ०.९ चा १.१ झाला.

इथे आणखी एक प्रश्न, ज्याचं उत्तर फक्त तुमच्या वडिलांकडे असेल. यातला किती माल जांगडवर आहे? भारी पैठण्या बरेच दुकानदार जांगडवर आणतात: विकली तर पैसे, नाही तर परत. गल्ल्यावरच्या माणसाने तो माल आत घेताना नेहमीच्या खरेदीसारखी नोंद केली असेल, तर ज्या मालात तुमचा रुपयाही नाही तो तुमची गुंतवणूक म्हणून भाजकात बसला. समजा ४ लाख ३० हजारांपैकी १ लाख ३० हजारांचा माल जांगडचा आहे. तो काढला की उरले ३ लाख, आणि जीएमआरओआय जवळपास १.६. जांगडच्या मालाला एक मर्यादा आहे. जीएसटी कायद्यानुसार पसंतीवर पाठवलेल्या मालाचं बिल पाठवल्यापासून सहा महिन्यांत करावंच लागतं. त्यामुळे सहा महिन्यांवर पडून राहिलेली ‘जांगड’ बहुधा परत तरी गेलेली असते, नाही तर बिल होऊन तुमच्या गळ्यात पडलेली असते. अशा मालाला भाजकातून वगळू नका.

उधारीवर घेतलेल्या मालाचं काय, हा प्रश्न इथे हमखास येतो. सोलापूरच्या गणवेशवाल्याने ४५ दिवसांची मुदत दिली आणि मेच्या सुरुवातीला आलेल्या मालाचे पैसे तुम्ही जूनच्या विक्रीतून भागवले, तर स्वतःचा पैसा फारसा गुंतलाच नाही, हे खरं. तरीही मी उधारीचा माल भाजकातून वजा करत नाही. जांगडचा माल विकला नाही तर धोका समोरच्याचा. उधारीचा माल विकला नाही तरी बिल तुमचंच. शाळेने चेक्सचा पॅटर्न बदलला की ते तुम्हाला नीट कळतं. कुठल्या विभागात व्यापारी किती दिवस थांबतो हे बाजूला वेगळं लिहून ठेवा. दोन विभागांची बरोबरी झाली तर निर्णयाला ते उपयोगी पडतं.

तर अकरापट फरक होता तिथे आता १.७ आणि १.६ आहेत. एवढा फरक मी मोजमापातल्या चुकीत धरतो.

आता ‘१ च्या खाली म्हणजे तोटा’ या वाक्याकडे. हे सर्रास सांगितलं जातं आणि ते चुकीचं आहे. एक साडी १०० रुपयांना आणली, १५० ला विकली, लगेच तशीच दुसरी आणून ठेवली, आणि वर्षभरात एवढी एकच विक्री झाली. ढोबळ नफा ५०, सरासरी साठा १००, जीएमआरओआय ०.५. यात तोटा कुठे आहे? मालाची किंमत आधीच वजा झालेली आहे. १ या आकड्यात विशेष काही नाही. तुमची खरी सीमारेषा तुमच्या खर्चावर ठरते. भाडं, पगार, वीज, व्याज असा वर्षाचा सगळा खर्च १२ लाख असेल आणि पूर्ण दुकानाचा सरासरी साठा २० लाख असेल, तर खर्च भरून निघायला दुकानाचा एकत्रित जीएमआरओआय ०.६ हवा. तुमच्या दुकानासाठी हा आकडा स्वतः काढा. मात्र ही रेषा पूर्ण दुकानाची आहे. खर्च काही साठ्याच्या प्रमाणात वाटला जात नाही. पैठणी दाखवायला एक माणूस दीड तास गादीवर बसतो आणि जूनमध्ये गणवेशासाठी चार जादा पोरं लागतात, यातलं काहीच जीएमआरओआयला दिसत नाही. म्हणून एखादा विभाग रेषेच्या जरा खाली आहे एवढ्यावरून तो बंद करायचा नसतो.

मग विभागांची तुलना करायची कशी? आकडा फोडून. जीएमआरओआय दोन गोष्टींचा गुणाकार आहे: खरेदी किमतीवर किती टक्के नफा चढतो आणि माल वर्षात किती वेळा फिरतो. इथे एक गडबड होते. तुमच्या रिपोर्टमधले २२ टक्के हे विक्रीवरचे आहेत. ७८ चा माल १०० ला विकला तर खरेदीवर नफा २२ ÷ ७८, म्हणजे २८ टक्के. फेरे मोजायचे तेही खरेदी किमतीनेच: वर्षात विकलेल्या गणवेशांची खरेदी किंमत १४ लाख ४ हजार, भागिले २ लाख ३४ हजार, म्हणजे ६ फेरे. ०.२८ गुणिले ६ म्हणजे १.७, बरोबर जुळलं. विक्रीवरचे २२ टक्के धरून त्याला ६ ने गुणलं असतं तर १.३ आले असते आणि तुम्ही कुठे चुकलं ते शोधत बसला असता. पैठणीत खरेदीवर नफा ३४ ÷ ६६, म्हणजे ५१.५ टक्के, आणि फेरे जेमतेम ३.

आकडा सारखा असला तरी दोन्ही विभागांची दुखणी वेगळी आहेत. गणवेशात भाव शाळा आणि शेजारचं दुकान मिळून ठरवतात, तुमच्या हातात फारसा नाही. तिथे कमाई फेऱ्यांवर आहे, म्हणजे माल किती उशिरा आणता येईल आणि जुलैत किती कमी उरेल यावर. सगळा माल मेमध्ये एकदम न घेता साडेतीन लाखांचा जूनच्या पहिल्या आठवड्यात मागवला तर मेअखेरचा साठा ११ ऐवजी साडेसात लाखांवर येईल आणि जीएमआरओआय १.७ वरून १.९ वर जाईल. पण सावधान, यातली थोडी सुधारणा फसवी आहे. २ जूनला आलेला आणि २८ जूनपर्यंत विकला गेलेला माल महिनाअखेरच्या नोंदीला दिसतच नाही, तरी त्या काळात तुमचे पैसे त्यात होतेच. म्हणून मे आणि जून या दोन महिन्यांत पंधरा तारखेचा साठाही बघा. त्या महिन्याचा आकडा म्हणून पंधरा तारीख आणि महिनाअखेर यांची सरासरी धरा. आणि माल उशिरा मागवण्याच्या नादात २८ नंबरचा साइज संपला, तर गिऱ्हाईक पँटबरोबर शर्ट आणि मोजेही दुसरीकडून घेतं. ते नुकसान कुठल्याच रिपोर्टमध्ये छापून येत नाही.

पैठणीत मी वेगळीकडे बघेन. ‘पैठणी’ हा एक विभाग नाहीच. येवल्याची हातमागाची आणि यंत्रमागाची सेमी पैठणी, दोन्ही एकाच नावाखाली सॉफ्टवेअरमध्ये बसलेल्या असणार. त्या वेगळ्या करा. समजा तुमच्या ३ लाखांच्या साठ्यात १ लाख ४० हजार सेमीचे आहेत आणि त्यांतून ३ लाख ३६ हजार नफा येतो. जीएमआरओआय २.४, म्हणजे गणवेशापेक्षा कितीतरी सरस. हातमागाच्या साठ्यात १ लाख ६० हजार, समजा ९ हजारांच्या आसपासचे १८ नग, आणि नफा १ लाख ४० हजार. जीएमआरओआय ०.९ च्या जरा खाली. पैठणीत खरंच काही अडकलं असेल तर ते इथे आहे.

आता त्या १८ नगांची खरेदीची तारीख बघा. वर्षाहून जुने पाच नग निघाले, ५० हजारांचे, तर उरलेल्या १ लाख १० हजारांवर तेवढाच नफा म्हणजे १.३ च्या जवळ. म्हणजे हातमागाची पैठणी मंद नाही, पाच साड्या मंद आहेत. त्या पाच आधी काढा, प्रसंगी खरेदीच्या भावाने. एरवी रेशीम घडीवर विरत जातं, जर काळवंडते, आणि दोन वर्षांनी तो भावही येत नाही. खरेदी भावाने विकल्या तर त्यांवर नफा शून्य आणि त्याखाली विकल्या तर तेवढी घट त्या वर्षाच्या नफ्यातून जाईल, म्हणून पहिल्या वर्षी आकडा फार सुधारलेला दिसणार नाही. त्याने घाबरू नका.

तुमचे वडील विरोध करतात त्यामागे बहुतेक बस्ता असणार, आणि तो मुद्दा आकड्यात मोजता येतो. लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं घर नवरीची पैठणी जिथे पसंत पडते तिथेच आहेराच्या साड्या, टॉवेल-टोप्या, पोरांचे कपडे घेतं. हा नफा सॉफ्टवेअर आहेराच्या साड्यांच्या आणि रेडिमेडच्या खात्यात टाकतं. पैठणीच्या खात्यात फक्त साठ्याचं ओझं येतं. नोव्हेंबर ते मे या काळातली हातमागाची पैठणी असलेली सगळी बिलं काढा. वर्षाला चाळीसेक नग जात असतील तर बिलं हाताने बघण्याइतकीच निघतील. त्याच बिलांवर किंवा त्याच घराच्या नावाने त्याच आठवड्यात बाकी काय गेलं ते लिहा आणि त्याचा ढोबळ नफा काढा. मग बस्त्याची अशीही बिलं बघा ज्यांत पैठणी नाही. तशी बिलं भरपूर असतील आणि रकमेने तेवढीच मोठी असतील, तर घरं पैठणीसाठी येत नाहीत, तुमच्या नावासाठी किंवा उधारीसाठी येतात, आणि वडिलांचा मुद्दा कमजोर होतो. ती बिलं मोजकी आणि छोटी असतील तर पैठणीच घर आत आणते आहे. सगळा आहेराचा नफा पैठणीच्या नावावर टाकून तिचा जीएमआरओआय ४ करून दाखवू नका. त्या भानगडीत कुठलाही विभाग वाचवता येतो.

पैसा गणवेशाकडे वळवण्याबद्दल. १.७ ही सध्याच्या मालाची सरासरी आहे. पुढच्या लाखावर काय मिळेल ते ती सांगत नाही. गावात शाळा आहेत तेवढ्याच आणि मुलंही तेवढीच. ज्या शाळांचे गणवेश तुम्ही आधीच विकता, त्यांचाच आणखी दोन लाखांचा माल भरलात तर जून संपल्यावर तो तुमच्याकडेच असेल. नवी शाळा हातात येत असेल, पटसंख्या माहीत असेल, पुढच्या वर्षी पॅटर्न बदलणार नाही हे मुख्याध्यापकांकडून कळलं असेल, तर त्या शाळेपुरता वेगळा हिशेब मांडा: किती नग, किती नफा, किती महिने पैसे गुंतणार. आणखी एक गोष्ट. गणवेशाला सरासरी २ लाख ३४ हजार लागतात, पण मेअखेर ११ लाख लागतात. तो पैसा उरलेले महिने कुठे असतो? बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यात परत जाऊन व्याज वाचवत असेल किंवा दिवाळीच्या मालात फिरत असेल तर सरासरी खरी. चालू खात्यात नुसता पडून राहत असेल तर १.७ सुद्धा दिसायलाच गोड आकडा आहे. एप्रिल-मेमध्ये दोन्ही विभाग एकाच वेळी तोंड वासतात हेही विसरू नका. ओढाताण तिथेच होणार आहे.

आकडे गोळा करताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. विक्री आणि साठा दोन्ही जीएसटी वगळून घ्या. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर खरेदीवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, मग तो मालाच्या किमतीतच धरायचा. गाडीभाडं आणि हमाली मालाच्या किमतीत मिळवा आणि सगळ्या विभागांना एकच नियम लावा. नफा छापील भावावरून धरू नका. गल्ल्यावर घासाघीस होऊन शेवटी बिलावर जो आकडा पडतो त्यावरून काढा, कारण पैठणीत हा फरक चांगलाच असतो. टॅलीत असाल तर स्टॉक समरी उघडून `Alt+F2` ने कालावधी बदलत प्रत्येक महिनाअखेरचा साठा उतरवता येतो. एखाद्या महिन्यात गणवेशाचा साठा उणे दिसला तर समजा की माल विकून झाल्यावर खरेदीच्या बिलाची नोंद केली गेली. तेव्हा आवक-तारीख आधी दुरुस्त करा, नाहीतर तेरा नोंदींची सरासरी पुन्हा खोटी हलकी येईल.

मी तुमच्या जागी असतो तर यंदा पैठणीला हात लावला नसता. सेमी आणि हातमाग असे दोन गट पाडले असते, ते जुने पाच नग काढले असते आणि हातमागाचा नवा माल शक्य तितका जांगडवर घेतला असता. गणवेशाची ऑर्डर दोन हप्त्यांत फोडायची असेल तर सोलापूरला फेब्रुवारी-मार्चमध्येच बोलणं करून ठेवा. मेमध्ये कारखाने भरलेले असतात आणि दुसरा हप्ता वेळेवर देण्याचं वचन तेव्हा कुणी देत नाही. तेरा महिनाअखेरचे आकडे मिळाले की इथेच टाका. जांगडचा माल वेगळा लिहा, मी बघतो.